सीझरची लिपी आणि अक्षरांची शिरगणती

रोमन चरित्रकार स्वेटोनियस याने ज्युलिअस सीझरच्या पत्रव्यवहाराविषयी लिहिताना एक छोटी नोंद करून ठेवली आहे. गुप्त ठेवण्यासारखे काही असेल, तर सीझर अक्षरे अशी बदलून लिहीत असे की पत्र भलत्याच्या हाती पडले तरी त्याला एकही शब्द लागू नये. ज्याला ते उलगडायचे असेल त्याने `D` दिसले की `A` वाचावे आणि बाकीची अक्षरेही त्याच रीतीने बदलून घ्यावीत, असे स्वेटोनियस सांगतो. सीझरचा वारस ऑगस्टस याच्याविषयीही त्याने असेच लिहिले आहे. ऑगस्टस एकच घर पुढे सरकत असे, म्हणजे `A` साठी `B` लिहीत असे, पण शेवटच्या `X` पाशी आल्यावर तो पुन्हा `A` कडे वळत नसे. तिथे तो `AA` अशी जोडी लिहीत असे. या जोडीकडे क्षणभर लक्ष द्यावे. ऑगस्टसच्या पद्धतीत `A` एरवी कुठेच येऊ शकत नाही, त्यामुळे एखाद्या पत्रात `A` कायम जोडीनेच येतो हे ज्याच्या लक्षात येईल, त्याला अर्थ न कळताही लिहिणाऱ्याची एक सवय कळलेली असेल. पुढे जे सांगायचे आहे त्याचे बीज इथेच आहे.

आज आपण ज्याला सीझर सायफर म्हणतो, त्यात अक्षरांची रांग सरळ न मानता वर्तुळाकार मानतात. इंग्रजी वर्णमालेतील २६ अक्षरांना ० ते २५ असे क्रमांक द्यायचे, एक संख्या ठरवायची आणि प्रत्येक अक्षर तितकी घरे पुढे न्यायचे. ही संख्या म्हणजे किल्ली. `Z` च्या पुढे गेल्यावर पुन्हा `A` पासून मोजायचे, जसे घड्याळात बारानंतर पुन्हा एक वाजतो. मूळ अक्षराचा क्रमांक `p`, किल्ली `k` आणि सांकेतिक अक्षराचा क्रमांक `c` मानला, तर सगळी कृती एका ओळीत मावते:

```
c = (p + k) mod 26
p = (c - k) mod 26
```

येथे `mod 26` याचा अर्थ २६ ने भागून उरलेली बाकी एवढाच आहे. पहिली ओळ मजकूर झाकण्यासाठी आहे आणि दुसरी उघडण्यासाठी. किल्ली ३ असेल तर `y`, म्हणजे क्रमांक २४, हा २७ वर जातो आणि २६ वजा होऊन १ उरतो, म्हणून `y` च्या जागी `B` येतो. किल्ली ० किंवा २६ घेतली तर काहीच बदलत नाही, म्हणून उपयोगाच्या किल्ल्या २५ उरतात. मुलांना ही पद्धत दाखवायची असेल तर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, एक लहान आणि एक मोठी, मध्यभागी टाचणीने जोडून दोन्हींच्या कडेला अक्षरे लिहावीत. आतली चकती किल्लीइतकी फिरवली की समोरासमोर आलेली अक्षरे वाचून कोणतेही पत्र लिहिता येते.

ही पद्धत दोन हजार वर्षे जुनी असली तरी तिच्यावर विसंबणारी माणसे आपल्या काळातही होती. सिसिलीतील माफियांचा प्रमुख बर्नार्डो प्रोव्हेन्झानो हा ४० हून अधिक वर्षे फरार होता आणि ११ एप्रिल २००६ रोजी कोर्लेओने गावाजवळ पकडला गेला. तो टेलिफोन टाळून चिठ्ठ्यांवर कारभार चालवत असे आणि काही चिठ्ठ्यांत नावांच्या जागी आकडे असत. असा एक नमुना पाहा:

```
512151522 191212154
```

इटालियन वर्णमाला २१ अक्षरांची आहे. तिच्यात `J`, `K`, `W`, `X`, `Y` नाहीत. `A` ला १, `B` ला २ असे क्रमांक देऊन प्रत्येकात ३ मिळवले की `A` म्हणजे ४, `B` म्हणजे ५ आणि शेवटचा `Z` म्हणजे २४ होतो. आता वरचे आकडे कुठे तोडायचे, हा प्रश्न उरत नाही, कारण सर्वांत लहान संकेत ४ आहे. म्हणजे सुटा १ किंवा २ कधीच येणार नाही आणि १ किंवा २ दिसला की पुढचा आकडा त्याला जोडूनच वाचायचा. अशा रीतीने पहिली रांग ५, १२, १५, १५, २२ अशी सुटते आणि प्रत्येकातून ३ वजा केले की `BINNU` हे नाव मिळते. दुसऱ्या रांगेतून `RIINA` निघते. अक्षरांऐवजी आकडे आले, एवढाच काय तो फरक; रीत सीझरचीच, आणि योगायोगाने किल्लीही सीझरचीच.

सीझर सायफर कच्चा का, असे विचारले तर बहुतेक जण सांगतात की किल्ल्या फक्त २५ आहेत आणि त्या एकेक करून लावून पाहिल्या की झाले. हे खरेच आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला त्यासाठी अर्धा तासही लागणार नाही. पण एवढ्यावर थांबले तर एक चुकीचा निष्कर्ष मनात राहून जातो: किल्ल्या पुष्कळ वाढवल्या की पद्धत पक्की होईल. अक्षरे रांगेने न सरकवता हवी तशी अदलाबदल केली, म्हणजे `a` साठी `Q`, `b` साठी `M`, `c` साठी `X` असा मनाला येईल तो तक्ता केला, तर शक्य तक्त्यांची संख्या ४ वर २६ शून्ये इतकी होते. ते सगळे तपासून पाहणे कोणाच्याही आयुष्यात होणारे नाही. तरीही असा मजकूर सवयीचा माणूस एका दुपारी सोडवतो, आणि तेही एकेक तक्ता न तपासता. तेव्हा दुबळेपणाचे मूळ किल्ल्यांच्या संख्येपेक्षा खोल आहे आणि ते सीझर सायफरमध्ये सर्वांत उघडे दिसते, म्हणून तिथेच पाहणे सोयीचे.

हे मूळ सर्वप्रथम लिहून ठेवणारा माणूस म्हणजे नवव्या शतकातील बगदादचा विद्वान अल-किंदी. गुप्त लेखन उलगडण्यावर त्याने लिहिलेल्या ग्रंथाचे हस्तलिखित पुढे इस्तंबूलच्या सुलेमानिये ग्रंथसंग्रहात सापडले. त्याने सांगितलेली रीत अशी: मजकूर कोणत्या भाषेत आहे हे ठाऊक असेल तर त्याच भाषेतील दुसरा, साधा मजकूर निदान एक पान भरेल इतका घ्यावा आणि त्यातील प्रत्येक अक्षर किती वेळा आले ते मोजावे. जे सर्वांत जास्त वेळा आले ते पहिले, त्याखालोखालचे दुसरे, असे क्रम लावावेत. मग सांकेतिक मजकुरातील चिन्हांचीही तशीच मोजणी करावी आणि पहिल्याच्या जागी पहिले, दुसऱ्याच्या जागी दुसरे बसवत जावे. याला आज वारंवारता विश्लेषण म्हणतात. नाव भारदस्त असले तरी काम शिरगणतीचेच आहे.

शिरगणती उपयोगी पडते याचे कारण भाषेत अक्षरे समान वाटलेली नसतात. साध्या इंग्रजी मजकुरातील दर शंभर अक्षरांत `e` सुमारे १२ ते १३ वेळा येतो, `t` सुमारे ९ आणि `a` सुमारे ८ वेळा. `q` आणि `z` यांच्या वाट्याला शंभरात एक जागासुद्धा येत नाही. लिहिणारा कोणी असो, विषय कोणताही असो, पानभर मजकुरात हे प्रमाण थोड्याफार फरकाने टिकते, कारण ते लेखकाच्या मर्जीवर नसून शब्दांच्या घडणीवर अवलंबून असते. आता प्रत्येक अक्षरासाठी त्याच्या संख्येइतका उंच खांब काढून २६ खांब वर्तुळात उभे केले आहेत, अशी कल्पना करावी. सीझर सायफर लावल्यावर या खांबांचे काय होते? एकही खांब वाढत नाही, एकही घटत नाही आणि शेजारी कोण उभा आहे हेही बदलत नाही. सगळे वर्तुळ किल्लीइतकी घरे फिरते, एवढेच घडते. किल्ली अक्षरांची नावे बदलते, पण त्यांची गर्दी जशीच्या तशी राहते. त्यामुळे एक उंच खांब ओळखला की वर्तुळ किती फिरले आहे ते कळते, आणि सीझर सायफरमध्ये किती फिरले हीच किल्ली असते.

हे प्रत्यक्ष करून पाहू. पुढचा संदेश आपण फोनवर एकमेकांना लिहितो तशा रोमन अक्षरांतील मराठीत लिहिलेला आहे. शब्दांमधली मोकळी जागा काढून टाकली आहे आणि जुन्या प्रथेप्रमाणे पाच-पाच अक्षरांचे गट पाडले आहेत, कारण शब्दांच्या लांबीवरूनही पुष्कळ काही फुटते.

```
LLUTN SJLUF YJLGL OJLEX
LRNSJ LVSZW TEWLV OTAPE
TLLSP EJLEL LUZML YNSTD
LRWTA LECPE SPGWT LLSPE
```

एकूण ८० अक्षरे आहेत. कागदावर २६ अक्षरे उभी लिहून मजकूर डावीकडून उजवीकडे एकदाच वाचत जावे आणि प्रत्येक अक्षरासमोर एक रेघ ओढावी. पाचवी रेघ आडवी मारली की शेवटी मोजायला सोपे जाते. शेवटी सगळ्या रेघांची बेरीज ८० येते की नाही हे अवश्य ताडून पाहावे, कारण एखादी ओळ नजरेतून सुटणे ही या कामातली नेहमीची चूक आहे. मोजणी झाली की `L` १९ वेळा, `E` ८ वेळा, `S` आणि `T` प्रत्येकी ७ वेळा, `J` आणि `P` प्रत्येकी ५ वेळा, अशी वरची फळी मिळते. `B`, `H`, `I`, `K` आणि `Q` एकदाही आलेली नाहीत. ही न आलेली अक्षरेही टिपून ठेवावीत. उंच खांबांइतकीच रिकामी घरेही बोलतात.

इंग्रजी पुस्तकातून हा विषय शिकलेला माणूस आता सरळ म्हणेल की सर्वांत जास्त आलेला `L` म्हणजे `e`. `e` चा क्रमांक ४ आणि `L` चा ११, म्हणजे किल्ली ७. प्रत्येक अक्षर ७ घरे मागे नेले की पहिले तीन गट असे उघडतात:

```
EENMG LCENY RCEZE
```

यातून ना मराठी निघते ना इंग्रजी. पण उघडून पाहण्याआधीच ही किल्ली चुकल्याचे ओळखता आले असते. किल्ली ७ खरी असेल तर ८ वेळा आलेला `E` हा मूळचा `x` ठरतो. ८० अक्षरांत आठ वेळा `x` येईल अशी मराठी कोणी लिहीत नाही. चुकलेल्या तर्काची हीच खूण असते: एक खांब जागेवर बसतो, पण त्याच्या मागोमाग जे दुसरे खांब आपोआप बसतात ते अशक्य ठिकाणी जाऊन पडतात. सीझर सायफरमध्ये एक अक्षर ठरले की उरलेली पंचवीस ठरतात, त्यामुळे प्रत्येक तर्काची पंचवीस ठिकाणी परीक्षा होते, आणि खोटा तर्क फार वेळ टिकत नाही.

चूक झाली ती अल-किंदीच्या पहिल्याच सूचनेकडे दुर्लक्ष केल्यामुळे. नमुना त्याच भाषेतला हवा, आणि इथे तो इंग्रजीतून घेतला गेला. रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठीत `a` ची गर्दी इतर सर्वांपेक्षा कितीतरी जास्त असते. याचे कारण आपल्या लेखनात आहे. ‘कमळ’ लिहिताना व्यंजनात दडलेला अ आपण देवनागरीत वेगळा लिहीत नाही, रोमनमध्ये मात्र तो `a` होऊन बाहेर येतो. आणि ‘काळा’ मधला काना लिहायलाही तोच `a` वापरतो. दोन स्वरांचा भार एका अक्षरावर पडतो. कोणाला खात्री करून घ्यायची असेल तर त्याने आपल्याच फोनमधले पाच-सहा लांब निरोप घेऊन अक्षरे मोजावीत.

तेव्हा `L` म्हणजे `a` धरू. `a` चा क्रमांक ०, `L` चा ११, म्हणजे किल्ली ११. आता आधी परीक्षा घेऊ. `E` होतो `t`, `S` होतो `h`, `T` होतो `i`, `J` होतो `y` आणि `P` होतो `e`. ‘ते’, ‘ती’, ‘आहे’, ‘त्या’, ‘च्या’ अशा शब्दांनी भरलेल्या भाषेत हीच अक्षरे वर यायला हवीत. न आलेली `B`, `H`, `I`, `K`, `Q` ही अक्षरे अनुक्रमे `q`, `w`, `x`, `z`, `f` ठरतात, आणि तीही मराठीत विरळच. विशेष पाहण्यासारखा आहे तो `L` च्या आसपासचा तुकडा. वरच्या ओळीत सांकेतिक अक्षरे, मधल्या ओळीत मूळ अक्षरे आणि खाली मोजणी:

```
H  I  J  K  L   M  N
w  x  y  z  a   b  c
0  0  5  0  19  1  3
```

वर्णमालेच्या शेवटाला दोन रिकामी घरे, मग `y` चा बरा खांब, मग रिकामे घर आणि लगेच `a` चा मनोरा, ही चढउतार बोटांच्या ठशासारखी आहे. ती वर्तुळात कुठेही सरकवली तरी ओळखू येते. पूर्ण मजकूर ११ घरे मागे नेल्यावर असा वाचता येतो:

```
aajichya junya vadyat magchya
kholit lakdi peti aahe tyat
aajobanchi sagli patre thevli aahet
```

आजीच्या जुन्या वाड्यात मागच्या खोलीत लाकडी पेटी आहे, त्यात आजोबांची सगळी पत्रे ठेवली आहेत. पंचवीस किल्ल्यांपैकी एकच लावावी लागली. दुसरी लागली ती केवळ चुकीच्या भाषेचा नमुना घेतल्यामुळे.

आणखी एक गोष्ट त्या ८० अक्षरांत आहे, तिच्याकडे परत एकदा नजर टाकावी. `LLSPE` हा पाच अक्षरांचा तुकडा दोनदा आला आहे: एकदा नवव्या आणि दहाव्या गटाच्या सीमेवर, म्हणजे ४२ व्या अक्षरापासून, आणि एकदा अगदी शेवटी, ७६ व्या अक्षरापासून. पहिला ‘आहे त्यात’ मधला `aahet`, दुसरा ‘आहेत’ हा शब्द. मूळ मजकुरात जे दोनदा येते ते सांकेतिक मजकुरातही दोनदा येते, कारण प्रत्येक अक्षराचा मुखवटा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच असतो. मनाला येईल तसा तक्ता केला तरी हे सुटत नाही. तिथे वर्तुळ नुसते फिरत नाही, खांबांची पांगापांग होते; पण प्रत्येक खांबाची उंची तीच राहते, जोडअक्षरे जोडीनेच येतात आणि शब्द तेच तुकडे सोडून जातात. फरक इतकाच की सीझर सायफरमध्ये एक खांब ओळखून काम भागते आणि इथे प्रत्येक खांब वेगळा ओळखावा लागतो. म्हणूनच २६ शून्यांची ती संख्या वाटते तितकी कामाची नाही.

मजकूर देवनागरीत असता तर काय झाले असते, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. संगणकात प्रत्येक देवनागरी चिन्हाला युनिकोडचा एक क्रमांक असतो, आणि त्यात काना, वेलांटी, पाय मोडण्याचे चिन्ह हीही स्वतंत्र चिन्हे धरलेली असतात. या क्रमांकांत सरळ ३ मिळवले तर `क` चा `घ` होतो, काना उकार होऊन खाली जातो आणि पाय मोडण्याचे चिन्ह `U+094D` हे `U+0950` वर, म्हणजे थेट `ॐ` वर, जाऊन पोहोचते. ‘त्यात’ हा शब्द असा दिसू लागतो:

```
त्यात → धॐलुध
```

प्रत्येक जोडाक्षराच्या मध्ये `ॐ` येणार आणि जिथे काना होता तिथे उकार दिसणार. आपल्या लेखनात ही दोन्ही चिन्हे पावलोपावली असल्यामुळे मोजणी करणाऱ्याचे काम उलट हलके होते. शिवाय पाय मोडण्याचे चिन्ह आणि मात्रा व्यंजनाच्या मागेच येतात, असे नियम लिपीतच असल्यामुळे कोणते चिन्ह कोणत्या जातीचे, हेही लवकर फुटते.

मोजणीला मर्यादा आहेत, आणि त्यांतली मोठी म्हणजे मजकुराची लांबी. आपल्या उदाहरणात ८० अक्षरे होती आणि `a` चे आधिक्य दांडगे होते, म्हणून पहिल्या क्रमांकावर विसंबता आले. इंग्रजीत `e` आणि `t` यांच्यातला फरक त्या मानाने थोडा असतो, त्यामुळे तीस-चाळीस अक्षरांच्या निरोपात `t` किंवा `o` सहज पुढे निघून जातो. तेव्हा एका खांबावर न थांबता सगळ्या वर्तुळाची चढउतार जुळवून पाहावी लागते. त्याहून लहान मजकुरात मोजायला काही उरतच नाही आणि तिथे पंचवीस किल्ल्या लावून पाहणे हाच मार्ग बरा. पण अगदी तोकड्या निरोपात तोही पुरत नाही. समजा, कोणी फक्त ही दोन अक्षरे पाठवली:

```
HN
```

किल्ली ९ धरली तर यातून `ye` निघते, म्हणजे ‘ये’. किल्ली ३ धरली तर `ek` निघते, म्हणजे ‘एक’. किल्ली ७ धरली तर `ag`, आणि तीही ‘आग’ म्हणून वाचता येते. तिन्ही वाचने तितकीच शक्य आहेत आणि संदेशात दुसरे काही नसल्यामुळे कोणतीही मोजणी त्यांच्यात निवड करू शकत नाही. इथे गुप्तता टिकली, पण ती पद्धतीमुळे टिकलेली नाही. मजकूर इतका थोडा आहे की भाषेला आपली सवय दाखवायला जागाच मिळाली नाही.

गुप्त लिहिणाऱ्यांनी यावर जो खरा उपाय शोधला तो मुखवटा बदलत राहण्याचा. जोव्हान बात्तिस्ता बेल्लासो या इटालियन लेखकाने १५५३ मध्ये मांडलेली आणि पुढे व्हिजनेर या फ्रेंच माणसाच्या नावाने प्रसिद्ध झालेली पद्धत अशी आहे की किल्ली म्हणून एका संख्येऐवजी संख्यांची माळ घ्यायची आणि ती मजकुरावर पुन्हा पुन्हा फिरवायची. आपल्याच संदेशावर सर्वांत लहान माळ, म्हणजे ११ आणि ४, लावून पाहू. पहिले अक्षर ११ घरे, दुसरे ४, तिसरे पुन्हा ११, असे शेवटपर्यंत. आता `a` कधी `L` होतो तर कधी `E`. आधी १९ उंचीचा जो एकच मनोरा होता तो फुटतो: `L` १५ वेळा येतो आणि `E` १३ वेळा, आणि त्या १५ पैकी सहा तर `a` चे नसून `h` चे असतात. एका दृष्टिक्षेपात किल्ली सांगणारी खूण पुसट होते, आणि माळ लांब असेल तर सगळे खांब जवळजवळ एका उंचीचे दिसू लागतात. ही पद्धत कित्येक पिढ्या अभेद्य मानली गेली.

तिची उकल प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी फ्रीडरिख कासिस्की याने १८६३ मध्ये छापून प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज तिथपर्यंत आधीच पोहोचला होता, पण त्याने ती छापली नाही. आपण मघाशी पाहिलेले दोनदा येणारे `aahet` इथे कामी येते. पहिले ४२ व्या अक्षरापासून सुरू होते आणि दुसरे ७६ व्या, म्हणजे अंतर ३४. माळ दोन संख्यांची आहे आणि ३४ ला २ ने पूर्ण भाग जातो, म्हणून दोन्ही ठिकाणी माळेचा तोच भाग वर येतो आणि सांकेतिक मजकुरात `ELLPX` हाच तुकडा दोनदा उमटतो. माळ तीन संख्यांची असती तर हे दोन तुकडे वेगळे दिसले असते, पण लांब मजकुरात दुसरे कुठले तरी तुकडे योग्य अंतरावर सापडतातच. उकलणारा असे तुकडे शोधतो, त्यांच्यातली अंतरे मोजतो आणि त्या अंतरांना भाग जाणाऱ्या संख्यांवरून माळेची लांबी ताडतो.

लांबी २ आहे असे ठरले की विषम जागांवरची ४० अक्षरे एका कागदावर आणि सम जागांवरची ४० दुसऱ्या कागदावर उतरवायची. प्रत्येक कागदावर आता एकच किल्ली चाललेली आहे, म्हणजे समोर दोन साधे सीझर सायफर आहेत. दोन्हींत पुन्हा रेघा ओढून मोजले तर पहिल्या कागदावर `L` सर्वांत जास्त, म्हणजे ९ वेळा, आणि दुसऱ्या कागदावर `E` सर्वांत जास्त, म्हणजे १० वेळा येतो. दोन्ही ठिकाणी तो `a` आहे, किल्ल्या ११ आणि ४ आहेत, आणि आजोबांची पेटी पुन्हा उघडलेली आहे.